बुजवलेली बिळे पुन्हा का उघडतात? मातीच्या कौलारू घरातील उंदीर, साप आणि वाळवी यांचा बंदोबस्त

मराठवाड्यातील दगड-मातीच्या घरांविषयी एक तक्रार दर पावसाळ्यात जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. भिंतीतले बीळ सिमेंटने बुजवले, तर आठवड्याभरात हातभर अंतरावर दुसरे उघडले. औषध टाकले, तर दोन उंदीर मेले आणि चार नवे आले. वाळवीच्या नळ्या खरवडून रॉकेल लावले, तर पुढच्या मृगाला वाशाचे टोक हातात आले. आणि या सगळ्याच्या जोडीला एखाद्या रात्री चुलीमागे साप निघाला. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजून प्रत्येकीवर वेगळा उपाय केला जातो, हेच बहुतेक वेळा दुरुस्ती न टिकण्याचे कारण असते. भिंतीच्या पायाशी मुरणारे पाणी माती मऊ करते, मऊ मातीत उंदीर व घुशी पोकळी करतात, त्याच ओलीवर वाळवी वर चढते, आणि साप उंदरांच्या मागे उंदरांनीच केलेल्या वाटेने आत येतो. साप स्वतःचे बीळ खणत नाही, तो तयार बिळात शिरतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम पाण्यापासून सुरू होतो, बिळापासून नव्हे.

हा क्रम नीट समजावा म्हणून औसा तालुक्यातील एका गावातल्या घराचे उदाहरण घेतो. घर दोन खणांचे, पुढे ओसरी, भिंती दोन हात जाड, दगड मातीत रचलेले आणि वरून मातीचा गिलावा. छपरावर मंगलोरी कौले, खाली बाभळीचे वासे. मागची भिंत २८ फूट लांब आणि उत्तरेची १४ फूट. मागच्या भिंतीला टेकून शेळ्यांसाठी उसाच्या पाचटाने शाकारलेले छप्पर होते आणि उत्तरेच्या भिंतीला लागून पऱ्हाट्या व गोवऱ्यांची रास. ओसरीत दिवाळीपासून कापसाचा ढीग आणि सोयाबीनची पोती. काही वर्षांपूर्वी उत्तरेच्या बोळात सिमेंटचा रस्ता झाला, त्यामुळे बाहेरची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा चार बोटे वर गेली. ओल दिसू लागल्यावर घरच्यांनी दोन्ही भिंतींना आतून-बाहेरून चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. उंदरांचा त्रास त्यानंतर वाढला, कमी झाला नाही, आणि याचे त्यांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटत होते.

प्रथम वहिवाट ओळखावी

कोणतेही बीळ बुजवण्याआधी त्यात आज कोण राहते हे पाहिले पाहिजे. जुन्या घरात दिसणाऱ्या भोकांपैकी बरीच ओसाड असतात, आणि त्यांच्यावरच मेहनत खर्च होते. संध्याकाळी प्रत्येक भोकाच्या तोंडाशी कागदाचा बोळा किंवा ओल्या चिखलाचा गोळा हलकेच बसवावा आणि सकाळी पाहावे. जो गोळा आत ओढला गेला किंवा बाहेर फेकला गेला, ते बीळ चालू आहे. भिंतीच्या कडेने आणि आड्याखालच्या आडव्या लाकडावर चाळलेल्या राखेचा पातळ थर टाकला, तर पावले आणि शेपटीची रेघ सकाळी स्पष्ट दिसते, आणि येण्याची वाट खालून आहे की वरून, हेही कळते.

वाट कोणती हे कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण या घरांत उंदरांचे दोन वेगळे व्यवहार असतात. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग साचत असेल तर ते काम घुशीचे आहे. ती खालून येते, जोत्याखाली आणि जमिनीखाली लांबवर पोखरते. याउलट लेंड्या तुळईवर, कौलांखाली आणि कोठीच्या माथ्यावर सापडत असतील, आणि वाशांच्या कडेला अंग घासून काळपट तेलकट पट्टा उमटला असेल, तर तो चढणारा काळा घरउंदीर आहे. तो वळचणीतून येतो आणि जमिनीवर फारसा उतरतही नाही. पहिल्यासाठी पाया दुरुस्त करावा लागतो, दुसऱ्यासाठी छप्पर. वर दिलेल्या घरात दोन्ही होते, आणि बऱ्याच घरांत तसेच असते.

भोकाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे अखंड असेल, तर तेथून काही दिवसांत कोणी गेलेले नाही. कात सापडली तर साप येऊन गेला एवढेच कळते. तो अजून आत आहे की नाही, हे कातीवरून सांगता येत नाही. अशा भोकात हात, काठी किंवा सळई घालू नये.

वाळवीसाठी दोन तपासण्या पुरतात. भिंतीवर चढलेली मातीची नळी मधूनच दोन बोटे तोडून ठेवावी. दोन-तीन दिवसांत ती ओल्या मातीने पुन्हा सांधली गेली, तर वाळवी चालू आहे. कोरडी राहून गळून पडली, तर ती वाट सोडलेली आहे. दुसरी तपासणी लाकडाची: वासा जेथे भिंतीत शिरतो त्या टोकाला दाभण टोचावे. धड लाकूड दाभणाला अडवते, खाल्लेले लाकूड वरून अगदी शाबूत दिसत असले तरी दाभण सहज आत जाते. वाशाचा मधला भाग टोचून काही कळत नाही, कारण वाळवी ओल्या मातीला चिकटलेल्या टोकापासून सुरुवात करते.

शेवटी भिंत ठोकून पाहावी. खुरप्याच्या मुठीने खालून वर, हातहात अंतरावर ठोकत गेले की भरीव जागी बद्द आवाज येतो आणि पोकळ जागी ढोल वाजल्यासारखा. उदाहरणातल्या घरात सिमेंटचा गिलावा असलेला भाग जवळजवळ सगळाच ढोल वाजत होता, आणि गिलाव्याच्या वरची मातीची भिंत मात्र बऱ्याच ठिकाणी भरीव होती.

सिमेंटच्या गिलाव्यामागे काय चालते

या भागातल्या जुन्या भिंती दोन पदरी असतात. बाहेरच्या अंगाने एक पदर, आतल्या अंगाने एक पदर, आणि मध्ये लहान दगड, गोटे व माती यांची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड अनेक ठिकाणी घातलेलेच नसतात. मधली भर कोरडी आणि घट्ट असेपर्यंत भिंत ठीक राहते. ओल आली की भरीतली माती खाली बसते, दगडांमध्ये मोकळ्या जागा होतात, आणि उंदरांना घरटे करायला याहून चांगली जागा कोणती? बाहेरून दिसणारे बीळ म्हणजे त्या पोकळीचे फक्त दार असते. एक दार सिमेंटने बंद केले की ते हातभर अंतरावर दुसरे काढतात, कारण आतली पोकळी तशीच असते.

मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडून देते. सिमेंटच्या गिलाव्याने ती ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, म्हणून ती भिंतीत आणखी वर चढते. गिलाव्यामागची माती भुसभुशीत होऊन गळते आणि गिलाव्याचा पापुद्रा भिंतीपासून सुटून नुसता उभा राहतो. आता पापुद्रा आणि भिंत यांच्यामध्ये बोट-दोन बोटे रुंदीची, अंधारी, ओलसर, जमिनीपासून चार फुटांपर्यंत जाणारी वाट तयार झालेली असते. उंदीर तिच्यातून चढतात, आणि वाळवीच्या नळ्याही तिच्यातच दडतात, त्यामुळे वासा मोडेपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. ‘पक्का गिलावा’ म्हणून केलेला हा खर्च मातीच्या घरावरचा सर्वांत महागडा आणि सर्वांत उलटा उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एक धोक्याची सूचना द्यावी लागते. भिंतीला पोट आले असेल, म्हणजे ओळंबा लावल्यावर मधला भाग बाहेर फुगलेला दिसत असेल, किंवा उभी भेग वरपासून खालपर्यंत गेली असेल, तर पुढील कोणतीही दुरुस्ती घरच्या घरी सुरू करू नये. दोन पदर एकमेकांपासून सुटू लागल्याचे ते लक्षण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातील याच बांधणीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. अशा भिंतीला आधी टेकू द्यावा, जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावे, आरपार दगड किंवा जोड घालून घ्यावेत, आणि मगच उंदरांचा विचार करावा.

पाणी, मग खंदक, मग भिंत

कामाला योग्य काळ पाडव्यानंतरचा. माती वाळायला ऊन लागते, आणि खंदकाचे काम मृगाच्या आत पुरे झालेच पाहिजे.

उदाहरणातल्या घरात पहिल्यांदा पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि शेळ्यांचे छप्पर भिंतीपासून हलवले. पऱ्हाट्यांची रास भिंतीला टेकलेली असणे म्हणजे वाळवीला आयते खाद्य आणि घुशीला आयता आडोसा. सरपण भिंतीपासून निदान चार-पाच पावले दूर, दगडांवर किंवा जुन्या लाकडी चौकटीवर हातभर उंच रचावे, म्हणजे खालून पाहता येते. छप्पर सोडवल्यावर मागच्या भिंतीला लागलेल्या पाचटात वाळवी आणि उंदरांची घरटी एकत्रच निघाली. पाचटाचे किंवा कडब्याचे छप्पर उंदरांपासून मुक्त ठेवता येत नाही, हे मान्य करूनच चालावे. त्याला घराच्या भिंतीपासून तोडणे एवढेच आपल्या हातात असते. नवे छप्पर चार हात दूर, स्वतःच्या मेढींवर उभे केले. त्याचा उतार जुन्यापेक्षा बराच उभा ठेवला, कारण उतार कमी असला की पाणी पाचटात मुरते, थर कुजतो, आणि कुजलेला थर किड्यांना आवडतो. पूर्वी छपराखाली चूल पेटत असे आणि धुराने पाचट कोरडे राहत असे. गॅस आल्यावर तो आपोआप मिळणारा धूर बंद झाला आहे, म्हणून आता पाचट लवकर बदलावे लागते.

रस्ता खाली नेता येत नव्हता. म्हणून उत्तरेच्या भिंती आणि रस्ता यांच्यामध्ये दगडी चर काढून पाणी घरामागच्या उताराकडे वळवले. वळचणीचे पाणी नेमके भिंतीच्या पायाशी पडून उडत होते, तेथे पत्र्याचे पन्हाळ लावले.

त्यानंतर भिंतीच्या बाहेरून पायालगत दीड फूट खोल आणि एक फूट रुंद खंदक घेतला. येथे घाई जीवघेणी ठरू शकते. जुन्या घरांचा पाया अनेकदा उथळ असतो, आणि सबंध लांबीचा खंदक एकदम उघडला तर भिंत बसू शकते. म्हणून चार फूट खणावे, पुढचे चार फूट तसेच सोडावेत, खणलेला तुकडा भरून ठोकून घट्ट करावा आणि मगच सोडलेला तुकडा उघडावा. पाऊस पडण्याची चिन्हे असतील तर एकही तुकडा उघडा ठेवून झोपू नये.

खंदकात भिंतीला चिकटून जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी उभी बसवली. जाळीचे घर पाव इंचाचे असावे. त्याहून मोठ्या घरातून पिल्ले निसटतात, आणि कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी घुशीपुढे टिकत नाही. खरी युक्ती तळाशी आहे: जाळीचा खालचा फूटभर भाग भिंतीपासून बाहेरच्या बाजूला आडवा वळवावा. घूस भिंतीच्या कडेने खणत खाली जाते, तिला आडवी जाळी लागते, आणि मागे सरकून फूटभर दूर खणायला सुरुवात करावी हे तिला सहसा सुचत नाही. काळ्या मातीने खंदक पुन्हा भरू नये. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि त्या भेगाच पुढच्या बिळांची सुरुवात होतात. मुरूम आणून चार-चार बोटांचे थर पाणी मारून धुमसाने ठोकले. वर अडीच फूट रुंद फरशी, बाहेरच्या बाजूला फुटाला एक इंच उतार. फरशीची बाहेरची कड वळचणीच्या धारेपलीकडे गेली पाहिजे, नाहीतर पाणी कडेशीच पडून तिला खालून पोखरते.

भिंतीचे काम उंदीर बाहेर काढल्यावरच करावे. आत उंदीर असताना पोकळी भरली तर ते नव्या गाऱ्यातून परत बाहेर कोरतात, किंवा आतच मरून घरभर वास सुटतो. चालू बिळांजवळ आणि तुळईवर पिंजरे लावले, आमिष म्हणून भाजलेले शेंगदाणे व भाकरीचा तुकडा. पहिल्या दोन रात्री पिंजरे नुसते आमिष घालून, झाप बांधून उघडे ठेवावेत, म्हणजे नव्या वस्तूला बिचकणारे उंदीर सरावतात. चिकट पुठ्ठे मात्र टाळावेत. त्यांवर पाली आणि साप चिकटतात, आणि अंधारात जिवंत विषारी साप चिकटलेला पुठ्ठा उचलायला जाणे हे नवेच संकट.

बिळात सल्फासच्या गोळ्या टाकण्याची पद्धत घरात किंवा घरालगत कधीही वापरू नये. ओल लागली की त्या गोळीतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो, आणि पोकळ भिंतीतून तो बिळातून थेट खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. अशा घटनांत मुले दगावली आहेत. या गोळ्यांची सर्रास विक्री कायद्याने मर्यादित आहे, त्यामागचे कारण हेच.

राखेवर काही रात्री पावले उमटली नाहीत, तेव्हा सिमेंटचा सुटलेला गिलावा छिन्नीने काढला. आतली पोकळी खालून वर भरत गेले: आधी सैल माती खरवडून काढणे, भिंत पाण्याने ओली करणे, मग दगडाच्या कपच्या गाऱ्यात घट्ट ठोकून बसवणे. मोठ्या भोकांच्या तोंडाशी जाळीचा चुरगाळलेला तुकडा कपच्यांमागे दडपला. फुटक्या काचा घालण्याची जुनी रीत चालते, पण पुढच्या वेळी तेथे हात घालणारा गवंडी आपल्याला शिव्या देतो.

गिलाव्याच्या गाऱ्यासाठी गढीची पांढरी माती, वाळू किंवा बारीक मुरूम आणि गव्हाचे भूस एकत्र भिजवून चार-पाच दिवस कुजू द्यावे, रोज तुडवावे. मातीत वाळू किती घालायची, हे प्रत्येक गावच्या मातीवर ठरते. म्हणून आधी भिंतीवर वीतभर चौकोनाचे तीन नमुने वेगवेगळ्या प्रमाणात लावून वाळू द्यावेत: समान वाळू, दीडपट वाळू आणि दुप्पट वाळू. ज्याला भेगा पडल्या त्यात माती जास्त, ज्याची बोटाने पावडर निघते त्यात वाळू जास्त. उदाहरणातल्या घरात दीडपट वाळूचा नमुना टिकला. नुसती काळी माती कितीही भूस घालून लावली तरी भेगाळते. गिलावा दोन पातळ थरांत, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि वर शेण-मातीचा पोतारा. जमिनीलगतचा हातभर पट्टा मात्र चुन्याच्या गिलाव्याचा केला, कारण उडणारे पाणी तेथेच लागते आणि चुना ओल अडवून ठेवत नाही.

वाळवी: खंदक उघडा असतानाच

वाळवीचे वारूळ आणि राणी बहुधा घराबाहेर कोठेतरी जमिनीत असते. घरात औषध मारून ती मरत नाही. जमीन आणि भिंत यांच्यामध्ये अडसर उभा करणे हाच उपाय. म्हणून औषधाचे काम खंदक उघडा असतानाच करावे लागते, नंतर ते नीट होत नाही.

इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे इमारतींतील वाळवीसाठीचे औषध एका लिटर पाण्यात २.१ मिलि या प्रमाणात घेतात. दीड फूट खोल खंदकासाठी प्रत्येक फूट लांबीला साधारण एक लिटर द्रावण लागते. वरच्या घरात दोन्ही भिंतींचा खंदक ४२ फूट होता, म्हणजे ४२ लिटर पाणी आणि सुमारे ८८ मिलि औषध. हे द्रावण काही तळाशी आणि उरलेले मुरमाच्या प्रत्येक थरावर झारीने सारखे टाकले. सगळे एकदम वरून ओतले तर ते एका भेगेतून निघून जाते आणि अडसराला खिंडार राहते. मातीची भिंत भोके पाडून आतून औषधाने भिजवण्याचा सल्ला काही जण देतात. पक्क्या विटांच्या घरात ते ठीक, पण मातीच्या भिंतीत तेवढे पाणी सोडणे म्हणजे आपणच भर पुन्हा मऊ करणे. आड किंवा बोअर जवळ असेल तर त्या बाजूला औषध वापरूच नये, तेथे फक्त जाळी, मुरूम आणि फरशी यांवर भागवावे. हातमोजे घालावेत, काम होईपर्यंत धान्य आणि जनावरांचे पाणी लांब ठेवावे. हा अडसर कायमचा नसतो, काही वर्षांनी क्षीण होतो. म्हणून नळ्या दिसतात का, हे दर पावसाळ्यानंतर पाहणे आलेच.

उत्तरेकडच्या तीन वाशांची टोके खाल्ली गेली होती. ती कापून त्या जागी नवे लाकूड जोडले, आणि वासा पुन्हा थेट मातीत न रोवता सपाट दगडावर, मध्ये पत्र्याची पट्टी ठेवून टेकवला. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली. वाळवीला लाकडापर्यंत जायचे असेल तर तिला आता उघड्यावर नळी बांधावी लागेल, आणि ती दिसेल. वाशाभोवती गारा लिंपून जागा ‘नीटनेटकी’ करण्याचा मोह गवंड्याला होतोच, तेव्हा काम चालू असताना तेथे उभे राहावे.

वळचण

भिंतीचा माथा आणि कौले यांच्यामधली फट हे काळ्या उंदराचे दार. मंगलोरी कौलांना खाली पन्हळी असतात, त्यामुळे वळचणीशी प्रत्येक कौलाखाली पोकळी राहते. ती गाऱ्याने पूर्ण बंद केली तर छपराखालची हवा कोंडते, उन्हाळ्यात घर तापते आणि वासे ओलसर राहतात. म्हणून तीच पाव इंची जाळी पट्ट्यांनी कापून, वरची कड रिपांना चुका मारून आणि खालची कड भिंतीच्या माथ्यावर चुन्यात दाबून बसवली. हवा खेळते आणि वाट बंद होते. फुटकी कौले बदलली, आड्यावरची कोनी कौले उचलून पुन्हा चुन्यात बसवली. घरावर वाकलेल्या बोरीच्या फांद्या वळचणीपासून तीन-चार हात मागे छाटल्या. जाळी कितीही चांगली असली तरी फांदीवरून कौलावर उतरणारा उंदीर फुटके कौल शोधतोच.

ओसरीतल्या कापसाच्या ढिगाचे काय करावे यावर घरात वाद झाला. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा ही शेतकऱ्याची गरज आहे, आणि ‘ठेवू नका’ म्हणणे सोपे आहे. पण ढीग भिंतीला टेकवून ठेवला तर भिंत दिसत नाही, आणि उबदार कापसात उंदराची पिल्लावळ सुखाने वाढते. तडजोड अशी झाली की, ढीग लाकडी फळ्यांवर आणि सर्व बाजूंनी हातभर सोडून ठेवायचा, सोयाबीन पत्र्याच्या कोठीत भरायचे.

साप निघाल्यास

वरील कामांनंतरही पहिल्या पावसात साप येऊ शकतो, कारण बिळांत पाणी भरल्यावर तो कोरडी जागा शोधतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप या भागात आढळतात. त्यांपैकी मातीच्या घरात झोपणाऱ्यांना सर्वांत धोका मण्यारीचा, कारण ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते. रात्री पोटात दुखून उठलेल्या आणि पापण्या जड झालेल्या माणसाला अपचन समजून ओवा देत बसू नये; १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. दंशाजागी कापू नये, करकचून बांधू नये. जमिनीऐवजी खाटेवर, मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून झोपणे हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मण्यारीसारखाच पट्टे असलेला बिनविषारी कवड्या साप पालींमागे भिंतीवर चढतो, आणि धामण उंदरांमागे येते. अंधारात फरक ओळखण्याचा प्रयत्न करू नये. खोलीचे दार लावून फटीत गोधडी कोंबावी, एकाने नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. त्याला मारायला गेलेल्यालाच दंश होतो हेही नेहमीचेच.

या घरात पुढच्या पावसाळ्यात उंदीर आत आले ते फक्त एका जागी, मागच्या दाराच्या उंबऱ्याखालून. उंबऱ्याच्या लाकडाखाली जाळी नेलेली नव्हती आणि दाराच्या तळाशी अंगठाभर फट होती. उंबरा उचलून त्याखाली दगडी पट्टी बसवली आणि दाराच्या खालच्या कडेला पत्रा ठोकला. शेळ्यांच्या छपरात उंदीर अजून आहेत, आणि धामणही तेथे अधूनमधून दिसते. तिला कोणी हात लावत नाही. भिंतीवर मात्र दिवाळीच्या सुमारास दोन नव्या नळ्या निघाल्या, दोन्ही उत्तरेच्या कोपऱ्यात. तेथे रस्त्याकडचा चर पाल्याने तुंबून पाणी फरशीखाली शिरत होते. चर उपसला आणि तेवढ्याच चार फुटांत खंदक पुन्हा उघडून औषध दिले.